‘प्रोफाइल होल्डवर आहे’ असा निरोप आला, तर काय विचारायचं आणि किती दिवस थांबायचं

टेक्निकलचे दोन राउंड झाले, मॅनेजरशी बोलणं झालं, एचआरने पगाराचा आकडा विचारला, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागवून घेतला. मग आठ-दहा दिवस शांतता. आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर एक ओळ येते: ‘तुमचं प्रोफाइल सध्या होल्डवर आहे, अपडेट आलं की कळवते.’

हा लेख याच टप्प्याबद्दल आहे. नुसता सीव्ही पाठवल्यावर किंवा पहिल्याच राउंडनंतर ‘होल्ड’ ऐकू आलं, तर त्यात फारसं शोधण्यासारखं नसतं. तो बहुतेक वेळा सौम्य नकार असतो. ‘धन्यवाद, जागा पुन्हा उघडली तर जरूर कळवा’ एवढं लिहून पुढच्या मुलाखतीला लागावं. पण सगळे राउंड होऊन, कागदपत्रं देऊन झाल्यावरचा होल्ड वेगळा. तिथे तुमची नोटीस, हातातली दुसरी ऑफर, राजीनाम्याची तारीख असं सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. उत्तर कसं देता यावर बरंच काही ठरतं.

थांबलंय कोण: जागा की तुम्ही?

‘होल्ड’ हा शब्द रिक्रूटरच्या स्क्रीनवरच्या एका यादीतून येतो. प्रत्येक उमेदवारापुढे काहीतरी स्टेटस टाकावंच लागतं: सिलेक्ट, रिजेक्ट, होल्ड. निर्णय झालेला नसला की होल्ड. पण या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या परिस्थिती येतात.

पहिल्या परिस्थितीत जागाच थांबलेली असते. पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये हे नेहमीचं, कारण तिथली जागा एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टला बांधलेली असते. क्लायंटने करारावर सही लांबवली की इकडे हिंजवडीत पाच जणांच्या ऑफर एकदम अडकतात. कधी वर्षाचं बजेट संपत आलेलं असतं, कधी मॅनेजर बदलतो. कधी बाहेरून माणूस घेण्याआधी बेंचवरचं कोणी त्या जागी बसतंय का, हे तपासायला वरून सांगितलेलं असतं. यातल्या कशातही तुमच्या मुलाखतीचा दोष नसतो. मात्र तुमच्या हातातही काही नसतं.

दुसऱ्या परिस्थितीत जागा चालू असते, थांबलेले तुम्ही असता. तुमचा आकडा ठरलेल्या बँडच्या वर जात असेल तर त्याला वेगळी मंजुरी लागते. नोटीस ९० दिवसांची असेल तर ‘लवकर येणारा कोणी मिळतो का’ हे बघणं चाललेलं असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, दुसऱ्या कोणाला ऑफर गेलेली असते आणि तुम्ही बॅकअप असता.

बॅकअपचा हिशोब नीट समजून घ्यायला हवा, कारण होल्ड किती दिवस चालणार हे त्यावर ठरतं. ज्याला ऑफर गेली तो स्वतः ६० किंवा ९० दिवसांच्या नोटिशीवर असतो. तेवढ्या काळात तो आणखी एक ऑफर मिळवून ऐन वेळी येत नाही, असं आयटीत सर्रास घडतं. म्हणून तो प्रत्यक्ष जॉइन होईपर्यंत तुम्हाला ‘रिजेक्ट’ करायला कंपनी तयार नसते. दोन-अडीच महिने काही कळत नाही आणि मग अचानक फोन येतो, ‘लगेच जॉइन होऊ शकाल का?’ या उशिराच्या, घाईच्या फोनमागे बहुतेक वेळा पहिल्या उमेदवाराने दिलेली टांग असते.

रिक्रूटर सरळ ‘नाही’ का म्हणत नाहीत, याचंही एक साधं कारण आहे. बऱ्याच कंपन्यांत रिजेक्ट टाकलं की तुमच्या नावावर कूलिंग पिरियड लागतो. तो साधारण सहा महिन्यांचा असतो, काही ठिकाणी कमी-जास्त. त्या काळात त्याच कंपनीत दुसऱ्या जागेसाठीही तुमचा सीव्ही पुढे जात नाही. होल्डला ही आडकाठी नसते. म्हणजे कधी कधी होल्ड ही तुमच्यासाठी केलेली सोयच असते.

निरोप कोणाकडून आला ते बघा

उत्तर लिहिण्याआधी समोरचा माणूस कंपनीचा आहे की कन्सल्टन्सीचा, हे स्पष्ट हवं. मेलचा पत्ता बघितला की कळतं.

कंपनीतल्या रिक्रूटरला कारण ठाऊक असतं, पण सगळं सांगायची मुभा नसते. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरला सांगायला हरकत नसते, पण खरं कारण माहीत नसतं. क्लायंटच्या एचआरने त्याला जेवढं कळवलं तेवढंच तो पुढे देतो, आणि त्याला तरी अनेकदा ‘होल्ड’ एवढाच शब्द मिळालेला असतो. शिवाय कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते तुम्ही जॉइन झाल्यावर, साधारण तुमच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी. त्यामुळे तुम्ही हातातून निसटू नये ही त्याची गरज असते. ‘नक्की होणार, थोडं थांबा’ हे वाक्य त्याच्याकडून ऐकलं की त्यातलं ‘नक्की’ वजा करून ऐकावं. तो खोटं बोलत असतो असं नाही, त्यालाही ते हवंच असतं.

म्हणून कंपनीच्या रिक्रूटरला कारण विचारता येतं, पण कन्सल्टन्सीवाल्याला ‘तुम्ही क्लायंटशी शेवटचं कधी बोललात, आणि पुढे कधी बोलणार’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. त्याला डावलून कंपनीच्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठू नका. उमेदवार कोणामार्फत आला याची कंपनीत नोंद असते. तुम्ही थेट गेलात की ‘हा नेमका कोणाचा’ हा वाद सुरू होतो आणि आधीच थांबलेली फाइल आणखी बाजूला पडते.

पहिलं उत्तर

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावं. निरोप व्हॉट्सॲपवर आला असला तरी उत्तर मेलवर पाठवा, आणि तेही आधीच्याच मेलला रिप्लाय करून. म्हणजे जागेचं नाव, जॉब आयडी, पगाराचं बोलणं सगळं खाली सलग राहतं. एका रिक्रूटरकडे एका वेळी अनेक जागा आणि ढीगभर उमेदवार असतात. ‘माझं काय झालं’ असं नुसतं विचारलं तर आधी तुम्ही कोण हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो. मेल गेला की व्हॉट्सॲपवर ‘मेल पाठवलाय, सवडीने बघा’ एवढी एकच ओळ टाका.

मेलमध्ये कारण उकरून काढायचं नाही. ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल असे दोनच प्रश्न ठेवायचे, आणि आपल्या तारखा सांगायच्या. एक उदाहरण घेऊ. ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये सहा वर्षं अनुभव असलेली एक मुलगी आहे असं समजा. ती कर्वेनगरला राहते आणि सध्याची नोकरी मगरपट्ट्यात आहे. खराडीतल्या एका कंपनीची १५ लाख ५० हजारांची ऑफर आल्यावर तिने ५ जानेवारीला राजीनामा दिला. नोटीस ९० दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस ४ एप्रिल आणि खराडीची जॉइनिंग ६ एप्रिल. दरम्यान हिंजवडीतल्या दुसऱ्या एका कंपनीत तिचे सगळे राउंड झाले आणि १८ फेब्रुवारीला १९ लाखांवर बोलणं ठरलं. २६ फेब्रुवारीला होल्डचा निरोप आला. तिचं उत्तर असं असावं:

> नमस्कार मॅडम,
>
> कळवल्याबद्दल धन्यवाद. ऑटोमेशन टेस्टिंगच्या जागेसाठी माझा एचआर राउंड १८ फेब्रुवारीला झाला होता, त्याबद्दल लिहिते आहे.
>
> दोन गोष्टी कळल्या तर मला पुढचं ठरवता येईल. ही जागाच सध्या थांबवली आहे, की जागा चालू आहे आणि माझ्या प्रोफाइलवर निर्णय बाकी आहे? आणि पगार, नोटीस किंवा कागदपत्रं यांपैकी माझ्याकडून काही अडलं आहे का?
>
> माझा शेवटचा दिवस ४ एप्रिल आहे आणि दुसरीकडची जॉइनिंग ६ एप्रिलला ठरलेली आहे. तुमच्याकडच्या कामात मला जास्त रस आहे. १३ मार्चपर्यंत चित्र स्पष्ट झालं तर मला त्याप्रमाणे बदल करता येईल.
>
> मी ५ मार्चला एकदा विचारेन, चालेल ना?

मेल इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा. पहिला प्रश्न रिक्रूटरला दोन पर्यायांतून एक निवडायला लावतो. ‘कारण काय’ विचारलं की ‘काही इंटर्नल रीझन्स आहेत’ असं गुळगुळीत उत्तर येतं. दोन पर्याय ठेवले की बहुतेक जण एक उचलतात, आणि उचलायचं टाळलं तर तेही बोलकंच असतं. दुसऱ्या प्रश्नाने तुमच्या हातातलं काही असेल तर ते बाहेर येतं. नोटीस जड जात असेल तर बायआउटचं बोलता येतं, आकडा जड जात असेल तर त्यावर बसता येतं. मात्र विचारल्याशिवाय स्वतःहून ‘मी कमी पगारातही येईन’ असं लिहू नका. जागाच थांबलेली असेल तर कमी पगाराने ती उघडत नाही. महिन्याभराने उघडली की तोच कमी केलेला आकडा तुमच्यापुढे ठेवला जातो.

शेवटची ओळ छोटी आहे, पण तिच्यामुळे पुढचा फॉलोअप आगाऊ वाटत नाही, कारण तारीख आधीच सांगून झालेली असते.

दुसऱ्या ऑफरबद्दल किती सांगावं? तारीख सांगावी. कंपनीचं नाव सांगू नये, आकडा विचारला तरच सांगावा. आणि ऑफर नसताना ‘आहे’ म्हणू नये. इथे नैतिकतेपेक्षाही हिशोब चुकतो. ऑफर लेटरची प्रत सर्रास मागितली जाते. शिवाय जागा बजेटवर अडली असेल तर रिक्रूटरच्या हातात दाबायला बटणच नसतं, तो शांतपणे म्हणतो, ‘मग तुम्ही ती घ्या.’

१३ मार्च ही तारीख आली कुठून

थांबण्याची मुदत मनाला वाटेल तशी ठरवायची नसते, ती उलटी मोजायची असते. खराडीची जॉइनिंग ६ एप्रिलला आहे. तिथे नकार द्यायचा झाला तर निदान दोन आठवडे आधी सांगावं, म्हणून २० मार्च ही शेवटची तारीख. नकार देताना हिंजवडीचं ऑफर लेटर हातात हवं, तोंडी शब्द चालणार नाही. होल्ड सुटल्यावर पगाराची मंजुरी आणि लेटर निघायला सुरळीत चाललं तर पाच कामाचे दिवस धरावेत. म्हणून होल्ड १३ मार्चपर्यंत सुटला तरच या सगळ्याला अर्थ आहे. त्यानंतर सुटला तर तो तिच्यासाठी या फेरीतला राहत नाही.

दुसरी ऑफर नसेल आणि राजीनामाही दिलेला नसेल तर अशी मुदत लागतच नाही. मग तारखा न सांगता नुसते दोन प्रश्न विचारावेत आणि बाकीच्या मुलाखती चालू ठेवाव्यात. पण सगळ्यात वाईट अवस्था तिसरी: दुसरी ऑफर नाही, आणि ‘तुम्ही सिलेक्ट आहात, पेपर टाका’ या फोनवरच्या शब्दावर राजीनामा टाकलेला. असं झालं असेल तर आधी आपल्या मॅनेजरशी बोला. राजीनामा मागे घेऊ द्यायचा की नाही हे कंपनीवर असतं, आणि तुमच्या जागी माणूस शोधणं सुरू व्हायच्या आत विचारलं तर होकाराची शक्यता बरी असते. इथे लाजेखातर घालवलेला एक आठवडा फार महागात जातो.

आलेलं उत्तर कसं वाचायचं

‘पोझिशन फ्रीझ झाली आहे’ किंवा ‘बजेट अप्रूव्हल बाकी आहे’ म्हणजे जागा थांबली आहे. मग पुढचा प्रश्न विचारायचा: मंजुरी आल्यावर हीच जागा, याच जॉब आयडीवर पुढे जाणार, की नवीन जागा उघडणार? हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. जुनी जागा बंद करून नवी उघडली तर मंजुऱ्या नव्याने घ्याव्या लागतात आणि तुमच्या मुलाखतींचा निकाल तिकडे धरला जाईलच असं नाही. म्हणून त्याच्याच जोडीने ‘माझा इंटरव्ह्यू फीडबॅक किती महिने ग्राह्य राहतो’ हेही विचारून घ्यावं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा टेक्निकल राउंडला बसवलं की लोक चिडतात. ते आधीच माहीत असलं तर तयारी तरी राहते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘एप्रिलमध्ये बघू’ हे उत्तर हमखास येतं, कारण आर्थिक वर्ष बदलतं. पण १ एप्रिलला नळ उघडला आणि पाणी आलं, असं होत नाही. नव्या बजेटचे आकडे विभागांना वाटले जातात, मग जागा मंजूर होतात, मग रिक्रूटरपर्यंत येतात. एप्रिल म्हटलं की एप्रिलअखेर धरावं. जिचं मुख्य ऑफिस अमेरिकेत आहे अशा कंपनीचं वर्ष अनेकदा जानेवारी ते डिसेंबर असतं. तिथे हाच प्रकार नोव्हेंबर-डिसेंबरात होतो.

‘अजून काही प्रोफाइल्स बघतायत’, ‘पॅनेलचा फायनल फीडबॅक बाकी आहे’, ‘हायरिंग मॅनेजर ट्रॅव्हल करतायत’ ही उत्तरं आली तर जागा चालू आहे. यातलं शेवटचं एकदा ऐकलं तर खरं मानावं, दोनदा ऐकलं तर नाही. तुमची मुलाखत होऊन तीन आठवडे झाले, जागा चालू आहे आणि तुमच्याकडून काहीही मागितलं जात नाही, तर तुम्ही बॅकअप आहात असं धरून चालायला हरकत नाही. हे थेटही विचारता येतं, फक्त फोनवर विचारा: ‘दुसऱ्या कोणाला ऑफर गेली असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही, मी त्याप्रमाणे ठरवीन.’ जे लेखी देता येत नाही ते तोंडी बऱ्याचदा सांगितलं जातं. समोरची व्यक्तीही रोज हीच उत्तरं देऊन कंटाळलेली असते.

कंपनीच्या करिअर पेजवर ती जागा अजून दिसते का, हेही बघून घ्यावं. पण त्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण थांबलेल्या जागांच्याही जाहिराती काढायच्या राहून जातात. जाहिरात नव्या तारखेने पुन्हा टाकलेली दिसली तर मात्र तो पक्का इशारा. जागा चालू आहे, आणि शोध तुमच्या पलीकडे चालला आहे.

मधल्या काळात

सांगितलेल्या तारखेला एकदा विचारायचं, एका ओळीत. काही तारीख ठरलेली नसेल तर सात-आठ कामाच्या दिवसांनी एकदा, मग तीन आठवड्यांनी एकदा, आणि मग सोडून द्यायचं. सोमवारी सकाळी रिक्रूटर आठवड्याच्या आढाव्यात असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी कोणी नवं काही हातात घेत नाही. मंगळवार ते गुरुवार दुपारच्या जेवणाआधी पाठवलेल्या निरोपाला उत्तर येण्याची शक्यता जास्त. दोनदा फोन उचलला नाही तर तिसरा करू नये.

याच काळात एक हमखास घोटाळा होतो. दुसऱ्या कन्सल्टन्सीचा फोन येतो, ‘हिंजवडीला एक मस्त ओपनिंग आहे’, कंपनीचं नाव सांगत नाहीत आणि तुम्ही सीव्ही पाठवून देता. ती नेमकी तीच जागा निघते. कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव दोन वाटांनी गेलं की ‘डुप्लिकेट’ असा शेरा पडतो, आणि दोन कन्सल्टन्सींच्या भांडणात कंपनीला तिसराच उमेदवार सोपा वाटतो. म्हणून कंपनीचं नाव आणि जॉब आयडी कळल्याशिवाय सीव्ही पुढे करायला हो म्हणू नका.

आणि एक. होल्ड ‘क्लिअर’ करण्यासाठी रिफंडेबल डिपॉझिट, व्हेरिफिकेशन फी, लॅपटॉपची अनामत अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर ती फसवणूक आहे, यात ‘कदाचित’ नाही. पीएफच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तरी तेच. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

उदाहरण शेवटपर्यंत

आपल्या मुलीला २७ फेब्रुवारीला उत्तर आलं: जागा होल्डवर आहे, बजेटची मंजुरी एप्रिलमध्ये, तुमच्याकडून काही अडलेलं नाही. तिने जॉब आयडीचा प्रश्न विचारला. जागा तीच राहील आणि मुलाखतीचा निकाल तीन महिने चालेल, असं कळलं. ५ मार्चला एका ओळीचा निरोप, काही नवीन नाही. इथे तिला खराडीवाल्यांकडे जॉइनिंग पंधरा दिवस पुढे ढकलून मागायचा मोह होईल. ढकलू नये, कारण हिंजवडीने तारीख दिलेलीच नाही. समोरून लेखी तारीख आली असेल तरच अशी सवलत मागण्यात अर्थ असतो. ती एकदाच मिळते.

१३ मार्चला तिने शेवटचा मेल टाकला:

> नमस्कार मॅडम, आधी कळवल्याप्रमाणे मी ६ एप्रिलला दुसरीकडे जॉइन होते आहे. मंजुरी आल्यावर मला जरूर कळवा, तेव्हाची परिस्थिती पाहून मी स्पष्ट उत्तर देईन. आतापर्यंतच्या मदतीबद्दल आभार.

यात रुसवा नाही आणि ‘तरीही माझा विचार करा’ अशी विनवणीही नाही. दार उघडं आहे, पण ती दारात उभी नाही.

२२ एप्रिलला फोन आला: जागा सुटली, १९ लाख तसेच आहेत, येणार का? तोवर खराडीत तिचे जेमतेम अडीच आठवडे झालेले. साडेतीन लाखांचा फरक ऐकून हो म्हणण्याआधी कागद घेऊन बसावं लागतं. हिंजवडीच्या १९ लाखांपैकी १० टक्के व्हेरिएबल आहे, म्हणजे पक्के १७ लाख १० हजार. खराडीचे साडेपंधरा लाख सगळे फिक्स्ड. पक्का फरक १ लाख ६० हजारांचा, म्हणजे महिन्याला करापूर्वी साधारण १३ हजार ३००. खराडीत तिला १ लाख जॉइनिंग बोनस मिळाला आहे आणि वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करायचा, असं अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलं आहे. व्हेरिएबल काहीच मिळालं नाही तर पहिल्या वर्षीचा निव्वळ फायदा ६० हजारांवर येतो, आणि पूर्ण मिळालं तर अडीच लाखांवर जातो. याशिवाय पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत जेमतेम दीड-दोन महिन्यांची नोकरी कायमची दिसत राहील. पुढच्या प्रत्येक बॅकग्राउंड चेकमध्ये तिचं कारण द्यावं लागेल, आणि सीव्हीतून ती गाळणं हा उपाय नव्हे. कर्वेनगरहून रोज हिंजवडी की खराडी, हा हिशोब मात्र ज्याचा त्याने करावा, त्यात दोन्हीकडे रडायला जागा आहे.

तिला जायचंच असेल तर फोनवर हो न म्हणता तिने चार गोष्टी मेलवर मागवाव्यात: फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे दाखवणारा पगाराचा तक्ता, पद आणि ग्रेड तेच आहे का, काम हिंजवडीतूनच की आणखी कुठून, आणि सहीचं ऑफर लेटर किती दिवसांत. पुन्हा उघडलेली जागा कधी कधी एक ग्रेड खाली येऊन उघडते, आणि फोनवर ‘सगळं तेच आहे’ असंच सांगितलं जातं. लेटर ऑफ इंटेंट आलं तर ते ऑफर लेटर नव्हे, त्यावर राजीनामा देऊ नये. प्रोबेशनमध्ये खराडीची नोटीस ३० दिवसांची असेल तर जॉइनिंगची तारीख लेटर हातात पडल्यापासून किमान ३५ दिवसांनंतरची मागावी. मधले पाच दिवस राजीनामा मंजूर होण्यात आणि लॅपटॉप जमा करण्यात जातात.